क्रिएटिन, कार्निटिन, एचएमबी : पुरावा कुणाच्या बाजूने?

वजनं उचलायला लागून वर्ष होत आलं, की बारवरचा आकडा हट्टाला पेटतो. सुरुवातीच्या दिवसांत दर आठवड्याला वजन चढत होतं, आता दोन-दोन महिने बेंच प्रेस ऐंशी किलोवर अडून बसते. जेवण ठीक असतं, झोपही बरी असते, तरी गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी सप्लिमेंटच्या दुकानात गेलेल्या लिफ्टरसमोर तीन डबे ठेवले जातात. क्रिएटिनचा डबा ताकदीसाठी, एल-कार्निटिनची बाटली चरबी जाळून ‘कटिंग’ आणण्यासाठी आणि एचएमबीच्या कॅप्सूल स्नायूंची झीज थांबवण्यासाठी. तिन्हींच्या वेष्टनावर ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापलेलं असतं. पैसे मात्र एकाच डब्यापुरते असतात.

‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द तिन्हींच्या बाबतीत खोटे नाहीत, कारण तिन्हींवर खरोखरच अभ्यास झालेले आहेत. पण अभ्यास झाला आहे की नाही, एवढ्याने लिफ्टरचं काम भागत नाही. त्याने तीन प्रश्न क्रमाने विचारायला हवेत. पोटात घेतलेला पदार्थ स्नायूपर्यंत पोहोचतो का? पोहोचला, तर तिथे असं काही करतो का, ज्याने सेटमध्ये किंवा स्नायूत फरक पडेल? आणि तो फरक आधीपासून व्यायाम करणाऱ्या माणसांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत, पुन्हा पुन्हा दिसतो का? या तीन प्रश्नांवर तिन्ही पदार्थ तपासले, की निवड बरीच सोपी होते.

क्रिएटिन : सुईने घेतलेला पुरावा

क्रिएटिन आपल्या शरीरात बनतंच. मूत्रपिंड आणि यकृत मिळून तीन अमिनो आम्लांपासून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात त्याचा साठा सुमारे १२० ग्रॅम असतो आणि त्यातला ९५ टक्के स्नायूंमध्ये असतो. मांस-मासळीतूनही ते मिळतं. एक किलो कच्च्या मटणात किंवा मासळीत साधारण चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असतं. डाळी-भाज्यांत ते जवळजवळ नसतं आणि दुधातही नाममात्रच असतं.

स्नायूत त्याचं काम काय, याचा धागा १९२७ सालापर्यंत मागे जातो. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत काम करणारे आपले तेलुगू शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन ओळखलं. ब्रिटनमधल्या एगलटन दांपत्यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच शोधून काढलं. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या रेणूच्या जोरावर. पण जड सेटमध्ये तयार एटीपी दोन-तीन सेकंदांचाच पुरवठा देऊ शकतो. वापरल्या गेलेल्या एटीपीला क्षणात पुन्हा भरून देतं ते फॉस्फोक्रिएटिन. जड सेटच्या पहिल्या दहाएक सेकंदांत मुख्य भार त्याच्यावर असतो. सेट संपला की दोन-तीन मिनिटांच्या विश्रांतीत तो साठा पुन्हा बराचसा भरतो. आठव्या रेपला बार थरथरतो, त्यामागे हा साठा आटत आल्याचं एक मोठं कारण असतं.

मग बाहेरून क्रिएटिन खाल्लं तर हा साठा वाढतो का? हा पहिला प्रश्न १९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सोडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी थेट स्नायूलाच विचारला. त्यांनी लोकांना पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिवसातून चार ते सहा वेळा दिलं आणि त्याआधी व नंतर मांडीच्या स्नायूत सुई घालून मांसाचा कण काढून मोजला. साठा वाढला होता. ज्यांच्यात तो मुळात कमी होता, त्यांच्यात सर्वांत जास्त वाढला, आणि एका मर्यादेला पोहोचल्यावर वाढ थांबली. काही जणांना त्यांनी रोज एक तास एकाच पायाने सायकल चालवायला लावली होती. माणूस तोच, रक्त तेच, क्रिएटिन तेच, पण व्यायाम केलेल्या पायाने दुसऱ्या पायापेक्षा अधिक क्रिएटिन ओढून घेतलं. पहिल्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर सप्लिमेंटच्या जगात क्वचितच मिळतं.

त्याच वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर क्रिएटिनची चर्चा खेळाडूंमध्ये पसरली आणि पुढच्या दशकात डझनावारी प्रयोगशाळांनी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं शोधली. २००३ साली एरिक रॉसन आणि जेफ व्होलेक यांनी वजनांचा व्यायाम आणि क्रिएटिन यांवरचे २२ अभ्यास एकत्र मांडले. नुसता व्यायाम आणि दिसायला तशीच पण निष्क्रिय पावडर घेणाऱ्यांची ताकद सरासरी १२ टक्के वाढली होती, तर व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांची २० टक्के. ठरावीक वजनाने किती रेप्स काढता येतात, त्यातला फरक याहून मोठा होता.

हे टक्के बारवर कसे दिसतात ते पाहू. समजा, दोघा मित्रांची एका रेपची कमाल बेंच प्रेस ८० किलो आहे आणि दोघं काही महिने सारखाच व्यायाम करतात. सरासरीच्या हिशेबाने क्रिएटिन न घेणारा ९० किलोच्या जवळ पोहोचेल आणि घेणारा ९६ च्या. या सहा किलोंसाठी क्रिएटिनने स्वतः स्नायू बांधलेला नसतो. त्याने प्रत्येक सेटच्या शेवटी एक-दोन रेप्सची सोय केली आणि आठवड्यामागून आठवडे साचलेल्या त्या जादा कामाने ताकद वाढली. म्हणूनच जो सेट अर्ध्यात सोडतो, त्याच्यासाठी क्रिएटिनचा उपयोग जवळजवळ नाही. यातले बरेच अभ्यास नवशिक्यांवरही होते. अनेक वर्षं मुरलेल्या लिफ्टरने एवढ्या मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये.

वाढलेलं वजन : पाणी किती, स्नायू किती?

क्रिएटिनच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणं बरं नाही. क्रिएटिन सुरू केलं, की पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर एक-दोन किलो वाढ दिसू शकते. हा स्नायू नव्हे. क्रिएटिन पेशीत शिरताना सोबत पाणी नेतं, त्याचं हे वजन. अडचण अशी, की अनेक अभ्यासांत शरीरातली चरबी वजा करून उरलेलं वजन मोजतात, आणि ज्या यंत्राने ते मोजतात त्याला स्नायूतलं पाणी आणि स्नायूतलं प्रथिन यांतला फरक कळत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी एका गटाला आठवडाभर रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं. व्यायामाशिवायच त्या गटाचं चरबीविरहित वजन साधारण अर्धा किलो अधिक भरलं. पुढे बारा आठवडे दोन्ही गटांनी वजनांचा व्यायाम केला, तेव्हा दोघांची वाढ सारखीच, सुमारे दोन किलो झाली. जास्त मात्रेने फरक पडतो का हे तपासायला हवं, असं त्या संशोधकांनीच म्हटलं आहे. पण आधीच्या काही अभ्यासांनी पाण्यालाही स्नायूत धरलं असावं, ही शंका त्यामुळे बळावते.

स्नायूची जाडी सोनोग्राफीसारख्या तंत्राने थेट मोजणारे अभ्यास २०२३ साली एकत्र तपासले गेले. त्यांत क्रिएटिन घेणाऱ्यांच्या दंड-मांड्यांची जाडी न घेणाऱ्यांपेक्षा एक ते दीड मिलिमीटर जास्त वाढलेली आढळली. फरक खरा आहे, पण लहान आहे. तेव्हा क्रिएटिनचा सर्वांत भक्कम पुरावा जड आणि थोडक्या वेळाच्या कामातल्या ताकदीसाठी आहे. स्नायूच्या आकारासाठी तो आहे, पण त्या मानाने माफक.

प्रत्येकाला सारखा फायदाही होत नाही. ज्यांचा साठा मांसाहारामुळे आधीच काठोकाठ भरलेला असतो, त्यांना बाहेरून घेतलेलं क्रिएटिन फारसं लागू पडत नाही. उलट शाकाहारी माणसाचा साठा सहसा कमी असतो. कॅनडात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाकाहारी आणि मांसाहारी अशा ४२ जणांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला. क्रिएटिन घेतलेल्या शाकाहाऱ्यांमध्ये स्नायूतलं क्रिएटिन आणि व्यायामात केलेलं एकूण काम क्रिएटिन घेतलेल्या मांसाहाऱ्यांपेक्षा अधिक वाढलं. घरात मांस-मासळी शिजत नाही अशा कितीतरी मराठी लिफ्टरांसाठी ही माहिती थेट कामाची आहे.

कार्निटिन : दारातच अडलेला पाहुणा

कार्निटिनची कागदावरची बाजू फार आकर्षक आहे. पेशीतलं ऊर्जाकेंद्र असलेल्या मायटोकाँड्रियात चरबीचे लांब रेणू आपणहून शिरू शकत नाहीत. त्यांना आत नेण्याचं काम कार्निटिन करतं. हे निर्विवाद आहे. त्यावरून दुकानदार सांगतो, की कार्निटिन जास्त घेतलं तर चरबी जास्त आत जाईल, जास्त जळेल आणि स्नायू वाचेल. हा तर्क पहिल्याच प्रश्नापाशी अडखळतो.

एक तर गोळीतून किंवा सिरपमधून मोठ्या मात्रेत घेतलेल्या कार्निटिनचा पाचवा हिस्सासुद्धा आतड्यातून रक्तात जात नाही. मोजमापं साधारण ५ ते १८ टक्के सांगतात. आणि रक्तात गेलं म्हणजे स्नायूत गेलं असंही नाही. स्नायूत कार्निटिनचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट जास्त असतं, त्यामुळे आणखी आत ढकलणं अवघड असतं. जे उरतं ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. दिवसाला चार ग्रॅम कार्निटिन तीन महिने घेऊनही स्नायूतलं प्रमाण वाढलं नाही, असं २००२ साली मोजून दाखवण्यात आलं. निरोगी माणसाच्या शरीरात गरजेपुरतं कार्निटिन बनतं आणि चरबी जाळण्याचा वेग बहुतेक वेळा कार्निटिनच्या तुटवड्याने अडलेला नसतो.

क्रिएटिनवर हुल्टमन यांच्यासोबत काम केलेले पॉल ग्रीनहाफ पुढे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात याच कोड्यामागे लागले. त्यांच्या गटाला आढळलं, की रक्तातलं इन्सुलिन खूप वाढलेलं असताना कार्निटिन स्नायूत शिरतं. मग २०११ साली त्यांनी चौदा पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ग्रॅम कार्निटिनसोबत ८० ग्रॅम कर्बोदकं, दिवसातून दोनदा, सलग २४ आठवडे. अखेर स्नायूतलं कार्निटिन २१ टक्के वाढलं आणि अर्ध्या तासाच्या सायकल चाचणीत त्या गटाचं काम सुधारलं.

या प्रयोगाचा हवाला जाहिरातींत दिला जातो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. दिवसाला १६० ग्रॅम कर्बोदकं म्हणजे ६४० कॅलरी. २४ आठवड्यांचे १६८ दिवस होतात. त्या काळात एकूण जवळजवळ २७ किलो साखरेचं पेय प्यावं लागेल. चरबी उतरवायला निघालेल्या माणसाला हा मार्ग परवडणारा नाही. आणि एवढं करून जे सुधारलं ते सायकलवरचं अर्ध्या तासाचं काम. स्क्वॉट किंवा बेंच प्रेसची ताकद त्यात मोजलेलीच नव्हती.

अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठातल्या काही लहान अभ्यासांत दिवसाला दोन ग्रॅम कार्निटिन टार्ट्रेटने जड स्क्वॉटनंतरचा स्नायूंचा दुखावा आणि झीजेच्या खुणा कमी झाल्याचं दिसलं. हा त्यातल्या त्यात लिफ्टरच्या कामाचा निष्कर्ष आहे. पण दुसऱ्या दिवशी पाय कमी दुखणं आणि तीन महिन्यांनी स्नायू वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचा पुरावा कार्निटिनपाशी नाही.

शिवाय न शोषलेलं कार्निटिन आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून पुढे टीएमएओ नावाचं द्रव्य तयार होतं. त्याचं रक्तातलं जास्त प्रमाण हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलेलं आढळलं आहे. पोलंडमध्ये वृद्ध स्त्रियांना २४ आठवडे कार्निटिन दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं टीएमएओ कित्येक पट वाढलं आणि स्नायूंच्या ताकदीत मात्र फरक पडला नाही. टीएमएओ हेच रोगाचं कारण आहे की नुसती खूण, हा वाद चालू आहे. पण मिळकत शून्य असताना अशी जोखीम कशासाठी घ्यायची?

काही जिममध्ये कार्निटिनची इंजेक्शनं सुचवली जातात. हे औषध कार्निटिनची जन्मजात कमतरता असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं आहे. ट्रेनरच्या हातून ते टोचून घेणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण देणं आहे.

एचएमबी : नवशिक्यांत दिसलेला, जाणत्यांत हरवलेला फरक

एचएमबी हे ल्यूसिन या अमिनो आम्लाचं शरीरात तयार होणारं रूप. आपण खाल्लेल्या ल्यूसिनपैकी जेमतेम पाच टक्के एचएमबीत बदलतं, म्हणून अन्नातून त्याची नेहमीची तीन ग्रॅमची मात्रा मिळवणं शक्य नसतं. पहिल्या प्रश्नावर एचएमबी कार्निटिनसारखं नापास होत नाही. ते रक्तात जातं आणि स्नायूवर परिणामही करतं. नॉटिंगहॅममध्येच २०१३ साली मोजलं गेलं, की एचएमबी प्यायल्यावर स्नायूत नवं प्रथिन बनण्याचा वेग वाढतो आणि जुनं मोडण्याचा कमी होतो. मात्र त्याच प्रयोगात ल्यूसिनने बांधणीचा वेग एचएमबीहून कमी वाढवला नव्हता. ल्यूसिन तर दुधात, पनीरमध्ये, अंड्यात आणि व्हे प्रथिनात भरपूर असतं.

एचएमबीची खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नावर होते. त्याचा शोध पुढे नेणारे आयोवा स्टेट विद्यापीठाचे स्टीव्हन निसेन यांच्या गटाने १९९६ साली व्यायामाची सवय नसलेल्या ४१ पुरुषांना तीन आठवडे वजनं उचलायला लावली. एचएमबीची मात्रा जितकी जास्त, तितकी चरबीविरहित वजनाची वाढ जास्त, असा सुरेख क्रम त्यात दिसला. बाजार या अभ्यासावर उभा राहिला. पण नवशिक्याचे पहिले तीन आठवडे हा फार विशेष काळ असतो. स्नायूला व्यायामाची ओळख नसते, झीज खूप होते, त्यामुळे झीज कमी करणाऱ्या पदार्थाला काम मिळतं. वर्षभर व्यायाम केलेल्या माणसाचा स्नायू त्याच सेटने तितका झिजत नाही.

पुढचे अभ्यास हेच सांगतात. १९९९ साली रिचर्ड क्रायडर यांच्या गटाने व्यायामाची सवय असलेल्या ४० जणांना चार आठवडे एचएमबी दिलं, फरक पडला नाही. २००९ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. नवशिक्यांच्या ताकदीत त्यांना थोडा फायदा दिसला, जाणत्या व्यायामपटूंमध्ये तो नगण्य ठरला. २०१८ साली केवळ सरावलेल्या आणि स्पर्धक खेळाडूंवरचे सहा अभ्यास एकत्र पाहिले गेले. ताकदीत फरक नाही, शरीराच्या घडणीतही नाही.

याउलट टोकाचा एक अभ्यास २०१४ साली अमेरिकेतून आला. त्यात आधीपासून व्यायाम करणाऱ्या तरुणांनी बारा आठवड्यांत एचएमबीच्या नव्या रूपासह चरबीविरहित वजन सरासरी ७.४ किलोंनी वाढवलं, तर निष्क्रिय पावडर घेणाऱ्यांनी २.१ किलोंनी. हा आकडा जाहिरातींत अजून फिरतो. तो कशाशी ताडून पाहावा? १९९६ साली एका प्रसिद्ध अभ्यासात पुरुषांना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून दहा आठवडे वजनांचा व्यायाम करायला लावला होता. त्यांची वाढ ६.१ किलो होती. ल्यूसिनचं एक साधं रूप स्टेरॉइडला मागे टाकतं, यावर विश्वास ठेवण्याआधी तोच निकाल दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवा. २०१६ साली याच गटाशी संबंधित आणखी एका अभ्यासात असेच मोठे आकडे आले, तेव्हा प्रथिनांवर काम करणाऱ्या अनेक नामवंत संशोधकांनी जाहीर पत्र लिहून त्यांवर प्रश्न उभे केले. पुढे पोर्तुगालमध्ये आठ आठवड्यांच्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्या पुरुषांना एचएमबीची दोन्ही रूपं देऊन पाहिली. निष्क्रिय पावडरीहून वेगळं काही मिळालं नाही.

एचएमबीची एक जागा मात्र आहे, आणि ती जिममध्ये नाही. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलेल्या एका लहान अभ्यासात साध्या गटाने सुमारे दोन किलो चरबीविरहित वजन गमावलं. एचएमबी घेणाऱ्यांनी जवळजवळ काहीच गमावलं नाही. पोषण पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झालेला आणि एकोणीस जणांचा हा अभ्यास आहे, हे लक्षात ठेवावं. तरी दीर्घ आजारात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी एचएमबीचा विचार करावा का, हे डॉक्टरांना विचारण्यात अर्थ आहे. बारवर पाच किलो वाढवू पाहणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाचं शरीर त्या स्थितीत नसतं.

घ्यायचं ठरलं तर

क्रिएटिन घ्यायचं तर ‘मोनोहायड्रेट’ हेच रूप घ्यावं. वर सांगितलेला जवळजवळ सगळा पुरावा त्याच रूपाचा आहे. महागड्या इथाइल एस्टरची थेट तुलना झाली, तेव्हा ते स्नायूतलं क्रिएटिन वाढवण्यात मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरलं नाही. त्यातलं बरंच क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात बदलतं.

मात्रा रोज तीन ते पाच ग्रॅम. सुरुवातीला सहा दिवस २० ग्रॅम घेण्याची ‘लोडिंग’ची पद्धत आहे, पण तिची सक्ती नाही. हुल्टमन यांनी १९९६ साली दाखवलं, की रोज तीन ग्रॅम घेतल्यास अठ्ठावीस दिवसांत साठा लोडिंगइतकाच भरतो. घाई नसेल तर हाच मार्ग पोटाला सोपा. एका वेळी दहा ग्रॅम घेतले की अनेकांचं पोट बिघडतं. तीन ग्रॅमच्या हिशेबाने २५० ग्रॅमचा डबा ऐंशी दिवसांहून जास्त चालतो. ते कोमट पाण्यात चांगलं विरघळतं, आणि कालवल्यावर लगेच प्यावं. रात्रभर शेकरमध्ये ठेवलं तर हळूहळू त्याचं क्रिएटिनिन होतं. सकाळी घ्या की संध्याकाळी, फारसा फरक नाही. रोज घेणं महत्त्वाचं, व्यायामाला सुट्टी असलेल्या दिवशीही.

लागू पडतंय का, हे वहीत कळतं. आधी चार आठवडे ठरावीक वजनाला किती रेप्स निघतात ते लिहून ठेवावं, मग क्रिएटिन सुरू करून पुढचे आठ आठवडे तीच नोंद ठेवावी. ८० किलोवर सहा रेप्सच्या जागी सात-आठ निघू लागल्या आणि तिसऱ्या सेटला रेप्स कमी गळू लागल्या, तर फायदा होतो आहे. नुसता वजनकाटा दीड किलो वर गेला, तर ते पाणी असण्याचीच शक्यता अधिक. रेप्समध्ये काहीच बदल नसेल, तर तुमचा साठा मुळातच भरलेला असावा. मग ते पैसे वाचवावेत.

मूत्रपिंडांची भीती नेहमी घातली जाते. निरोगी लोकांत काही वर्षांपर्यंत क्रिएटिन घेऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. घोटाळा तपासणीत होतो. क्रिएटिन मोडून क्रिएटिनिन बनतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहूनच मूत्रपिंडाचं काम ठरवतात. त्यामुळे क्रिएटिन घेणाऱ्याचा अहवाल थोडा वाढीव येऊ शकतो आणि घरात घबराट उडते. रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगावं, शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी करता येते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा मधुमेह-रक्तदाबामुळे त्याची शक्यता आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊ नये. केस गळण्याची भीती २००९ सालच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बी खेळाडूंच्या अभ्यासावर उभी आहे. त्यात एक संप्रेरक वाढलं होतं, केस मोजलेच नव्हते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात ते संप्रेरकही वाढलं नाही आणि केसही गळले नाहीत.

डबा घेताना घटकांत एकच नाव असावं, क्रिएटिन मोनोहायड्रेट. दहा पदार्थांच्या ‘ब्लेंड’मध्ये कशाची मात्रा किती, ते कळत नाही. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा. स्पर्धेत उतरणाऱ्याने उत्तेजकांची भेसळ नसल्याची स्वतंत्र तपासणी झालेलाच डबा घ्यावा. क्रिएटिन प्रतिबंधित नाही, पण भेसळयुक्त पावडरीमुळे सापडलेल्या खेळाडूचीही जबाबदारी त्याचीच धरली जाते.

तेव्हा निकाल असा. पुरेसा आहार, पुरेशी प्रथिनं आणि नेटका व्यायाम आधीच चालू असलेल्या निरोगी प्रौढ लिफ्टरने एकच डबा घ्यायचा असेल, तर तो साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा घ्यावा, विशेषतः तो शाकाहारी असेल तर. एचएमबीचे पैसे दूध, पनीर, अंडी किंवा व्हे प्रथिनावर खर्च करावेत. कार्निटिन स्नायूंसाठी घेण्याचं कारण आजवरच्या पुराव्यात नाही.